फायनल फाइल गेली, पार्टीही गेली

कोल्हापुरात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला इन्स्टाग्रामवर निरोप आला. ती देवनागरी अक्षरांची चित्रं काढून तिथं टाकत असे. निरोप पाठवणाऱ्या गृहस्थाला घरगुती मसाल्यांचा धंदा सुरू करायचा होता. त्याला एक लोगो हवा होता आणि कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मिरची पूड अशी तीन लेबलं हवी होती. तिनं भीतभीतच आकडा सांगितला. लोगोचे तीन हजार आणि प्रत्येक लेबलचे दोन हजार, असे सगळे मिळून नऊ हजार. गृहस्थ म्हणाला, "काही हरकत नाही ताई, तुम्ही कामाला लागा."

ती कामाला लागली. फोनवरून बदल येत गेले आणि ती ते करत गेली. एका रात्री सगळं पसंत पडलं. तिनं फायली ड्राइव्हवर चढवल्या, लिंक पाठवली आणि लगोलग तिकडून हात जोडलेली खूण आली. पैशांचं विचारल्यावर उत्तर होतं, "माल छापून आला की लगेच टाकतो." त्यानंतर आठवडाभर फोन उचलले गेले, मग "उद्या करतो" असे निरोप आले, मग तेही थांबले. शेवटी व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो दिसेनासा झाला आणि तिच्या निरोपांपुढे एकच करडी खूण राहू लागली. त्यानं तिला ब्लॉक केलं होतं.

ही मुलगी आणि हा गृहस्थ म्हणजे कोणी एक विशिष्ट माणसं नव्हेत. शिकता शिकता फ्रीलान्स कामं घेणाऱ्यांच्या वाट्याला वारंवार जे येतं, ते इथं एका गोष्टीत बांधलं आहे. रकमा उदाहरणादाखल आहेत. पुढे येणारे कायदे आणि त्यांतल्या मुदती मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

लिंकमध्ये काय होतं

पैसे का बुडाले हे समजून घ्यायचं तर त्या रात्री तिनं नेमकं काय पाठवलं, ते पाहायला हवं. डिझाइनरकडून गिऱ्हाइकाला साधारण तीन प्रकारच्या फायली जातात. पहिली म्हणजे मोबाइलवर बघायची जेपीजी किंवा पीएनजी. दुसरी छपाईची पीडीएफ. हिच्यात अक्षरांचं रूपांतर रेषाकृतींमध्ये केलेलं असतं, त्यामुळे प्रेसवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षर बिघडत नाही. तिसरी, जिला या धंद्यात 'ओपन फाइल' म्हणतात, ती कोरल ड्रॉ किंवा इलस्ट्रेटरची मूळ फाइल. तिच्यातला प्रत्येक शब्द, रंग आणि रेघ वेगवेगळी हलवता येते.

तिनं तिन्ही पाठवल्या. ओपन फाइल हातात आल्यावर गिऱ्हाइकाला तिच्याकडून आणखी काहीच लागणार नव्हतं. पत्ता बदलायचा असेल, चौथा मसाला वाढवायचा असेल, तरी कोणत्याही छपाईच्या दुकानात बसलेला ऑपरेटर ते काम थोडक्यात करून देऊ शकत होता. लिंकची परवानगी काढून घेणं तिच्या हातात होतं आणि नंतर तिनं ती काढलीही, पण तोवर फायली उतरवून झाल्या होत्या.

त्या क्षणापर्यंत नऊ हजारांचं सगळं काम पूर्ण झालं होतं आणि मिळालेली रक्कम शून्य होती. म्हणजे जोखीम सगळ्यात मोठी असताना तिनं हातातली एकमेव वस्तू देऊन टाकली. यापुढे पैसे येणार की नाही, हे फक्त समोरच्याच्या मनावर अवलंबून होतं.

तारीख नसलेलं वचन

"माल छापून आला की पैसे देतो" हे वाक्य ऐकायला रास्त वाटतं. त्यात खोटेपणा असेलच असंही नाही. अडचण अशी, की त्यात पैसे मिळण्याची वेळ गिऱ्हाइकाच्या आयुष्यातल्या एका घटनेला बांधलेली आहे आणि ती घटना घडवणं डिझाइनरच्या हातात नाही.

या प्रकरणात ती घटना लांबणार, हे लेबलवरच दिसत होतं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, तारीख, किंमत आणि शाकाहाराची हिरवी खूण लागते. त्याशिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक लागतो. गृहस्थ प्रत्येक वेळी म्हणत असे, "नंबर नंतर टाकू, तूर्तास जागा सोडा." पत्त्याच्या जागीही फक्त गावाचं नाव होतं. ज्याच्याकडे क्रमांक नाही, तो कायद्यानं माल बाजारात आणू शकत नाही. ज्याचा माल बाजारात येत नाही, त्याच्याकडे विक्रीचे पैसे येत नाहीत. लेबलवरच्या रिकाम्या जागा पाहून हा धंदा अजून उभाच राहिलेला नाही, हे कळायला हवं होतं.

असे गिऱ्हाईक गायब होतात तेव्हा त्यांतले सगळेच ठरवून लुबाडणारे नसतात. भांडवल जमत नाही, भाऊ भागीदारीतून बाहेर पडतो, नोंदणीचा अर्ज अडकतो आणि मग न केलेल्या धंद्यासाठी नऊ हजार देणं जिवावर येतं. पहिला फोन टाळला की दुसरा उचलणं आणखी अवघड होतं. माणूस लबाड होता की अडचणीत, याचं उत्तर मुलीला कधीच मिळालं नाही. पुढच्या वेळी काय बदलायचं हे ठरवायला ते उत्तर लागतही नव्हतं, कारण दोन्ही प्रकारची माणसं एकाच फटीतून निसटतात.

कायदा बाजूने, पण पत्ता कुठे?

मैत्रिणींनी सुचवलेला पहिला उपाय होता ग्राहक न्यायालय. तो इथं लागू होत नाही, कारण या व्यवहारात ग्राहक तो गृहस्थ होता आणि सेवा देणारी ती. दुसरा सल्ला पोलिसांत जाण्याचा. मात्र फसवणुकीचा गुन्हा ठरायला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. नुसते ठरलेले पैसे न देणं हा बहुतेक वेळा दिवाणी वाद धरला जातो.

दिवाणी बाजू मात्र तिच्यासाठी वाटते तितकी कच्ची नव्हती. सही केलेला करार नव्हता, तरी १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी किंवा निरोपांतून झालेला करारही करारच असतो. फक्त तो सिद्ध करता आला पाहिजे. तिचं वय अठरा पूर्ण होतं, हेही महत्त्वाचं. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार न्यायालयात टिकत नाही. केलेल्या कामाचे पैसे मागण्यासाठी दावा करायला तीन वर्षांची मुदत असते. व्हॉट्सअॅपचे निरोप पुरावा म्हणून दाखल करता येतात. त्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून चिडून चॅट पुसून टाकणं ही सगळ्यात नुकसानीची गोष्ट. तिनं ते संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवलं, जुना मोबाइलही विकला नाही.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा त्यांचा देशभरचा मदत क्रमांक आहे. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येतं आणि त्यासाठी न्यायालयीन शुल्क पडत नाही. अर्थात लोकअदालतीत तडजोड व्हायला समोरच्यानं यावं लागतं.

गाडी अडली ती इथेच. समोरच्याला बोलावायचं कुठून? तिच्याकडे एक मोबाइल क्रमांक होता आणि एक इन्स्टाग्रामचं खातं. पूर्ण नाव नव्हतं, घराचा किंवा दुकानाचा पत्ता नव्हता. लेबलवर पत्त्यासाठी तिनं स्वतःच्या हातानं जागा सोडली होती आणि ती शेवटपर्यंत भरली गेली नव्हती. नोटीस पाठवायला पाकिटावर काय लिहायचं, इथपासून तयारी होती.

एक मार्ग मात्र पत्त्याशिवाय चालला. त्या गृहस्थानं तिचा लोगो खात्याचा फोटो म्हणून लावला होता. आपल्याकडे कॉपीराइट नोंदणीवाचूनही मिळतो. काम तयार होताच तो निर्माण होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ती करणारा असतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. पैसे देऊन करवून घेतलेलं छायाचित्र, पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र यांना वेगळा नियम आहे, म्हणून याबाबत आधीच लिहून ठेवलेलं चांगलं. तिनं कामाच्या तारखा दाखवणाऱ्या मूळ फायली जोडून इन्स्टाग्रामकडे कॉपीराइटची तक्रार केली. काही दिवसांनी तो फोटो तिथून गेला. पैसे आले नाहीत.

दुसऱ्या कामाचा कागद

पुढचं काम एका काकूंचं होतं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा आणि करडई तेल त्या विकणार होत्या; लोगो आणि दोन लेबलं हवी होती. या वेळी तिनं दहा हजार सांगितले, लोगोचे चार आणि प्रत्येक लेबलचे तीन. दर हा या बदलाचा भाग नव्हता. बदलला तो क्रम.

कागदावर रेघ ओढण्याआधी तिनं चार गोष्टी विचारल्या. बिलावर घालायचं पूर्ण नाव आणि पत्ता काय? शेवटचा निर्णय कोणाचा, काकूंचा की घरातल्या आणखी कोणाचा? लेबलवर घालायचा मजकूर आणि एफएसएसएआय क्रमांक तयार आहे का? छपाई कुठे आणि कधी करायची आहे? काकूंनी सांगितलं, की क्रमांकासाठी अर्ज केलाय, अजून आलेला नाही. म्हणजे मागच्या वेळचीच रिकामी जागा इथंही होती. तिनं काम नाकारलं नाही. फक्त ते ध्यानात ठेवून हप्ते बांधले. मग एक पानाचा मजकूर ईमेलवर पाठवला आणि "मान्य आहे" एवढं उत्तर मागितलं. तो असा होता:

*काम: तेलाच्या ब्रँडसाठी एक लोगो आणि दोन लेबलं. एकूण रक्कम १०,००० रुपये.*

*पैसे: काम सुरू करण्यापूर्वी ४,०००. लोगो पसंत झाल्यावर आणि लेबलचं काम सुरू करण्यापूर्वी ३,०००. दोन्ही लेबलं पसंत झाल्यावर आणि छपाईच्या फायली देण्यापूर्वी ३,०००.*

*करेक्शन: लोगो आणि प्रत्येक लेबल यांसाठी दोन-दोन फेऱ्या. त्यापुढे प्रत्येक फेरीचे ५०० रुपये. करेक्शन लेखी कळवावीत.*

*थांबलेलं काम: विचारलेल्या गोष्टीला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर काम थांबलं असं समजलं जाईल. झालेल्या कामाचे पैसे परत होणार नाहीत. पुन्हा सुरू करताना तारीख नव्यानं ठरेल.*

*हक्क: पूर्ण रक्कम मिळाल्यावर लोगो आणि लेबलांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी तुमच्या नावे लिहून देईन. तोवर ते माझ्याकडे राहतील.*

शेवटच्या कलमातले 'कायमस्वरूपी' आणि 'जगभरासाठी' हे शब्द काकूंच्या भल्याचे आहेत. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नमूद केला नाही तर फक्त भारत. ज्या लोगोवर धंदा उभा करायचा, तो पाच वर्षांनी पुन्हा वादात पडू नये. ईमेलवरचं "मान्य आहे" व्यवहार सिद्ध करायला उपयोगी; हक्काचं पत्र मात्र तिनं शेवटचा हप्ता आल्यावर कागदावर सही करून दिलं.

काकूंचा पहिला आक्षेप अपेक्षितच होता. "अगं, काम बघायच्या आधीच पैसे?"

"काकू, आधीची कामं तुम्ही पाहिली आहेत. पहिल्या चार हजारांत फक्त लोगो होतो. तो नाहीच आवडला तर लेबलं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, पुढचे सहा हजार माझे नाहीत."

हे उत्तर पटलं, कारण ते खरंच होतं. हप्ते पाडले की जोखीम दोन्ही बाजूंची लहान होते. काकूंनी एकदम दहा हजार दिले असते आणि मुलगी परीक्षेच्या नावाखाली गायब झाली असती, तर बुडालेल्या काकू ठरल्या असत्या. आता त्यांचं जास्तीत जास्त नुकसान एका टप्प्यापुरतं होतं.

मुलीच्या बाजूचा हिशेबही तितकाच सोपा आहे. लोगोचं काम चार हजारांचं आणि ते सुरू होण्याआधी चार हजार जमा, म्हणजे तिथं उधारी शून्य. लेबलं मिळून सहा हजारांची आणि त्यांतले तीन हजार आधी आलेले. लेबलं पूर्ण झाली आणि काकू फिरल्या, तर अडकणार तीन हजार, तेही छपाईच्या फायली तिच्याच संगणकावर असताना. मागच्या वेळी हाच आकडा नऊ हजार होता आणि फायली गेलेल्या होत्या.

दाखवायचं काय, द्यायचं काय

पसंतीसाठी काम दाखवावंच लागतं आणि दाखवलेलं चोरलं जाऊ शकतं. या वेळी तिनं लेबल सरळ सपाट न पाठवता तेलाच्या बाटलीवर गुंडाळलेलं, जरा तिरकं दिसणारं चित्र पाठवलं. त्यावर अक्षरं वाचता येतात, रंग कळतात, पण ते छापायला उपयोगी पडत नाही. मजकूर तपासण्यासाठी वेगळी सपाट प्रत दिली. तिचं रिझोल्यूशन कमी होतं आणि तिच्यावर आडवं 'नमुना' लिहिलेलं होतं.

या युक्तीला मर्यादा आहे. साधा, दोन रंगांचा लोगो असेल तर छोट्या चित्रावरूनही कसबी ऑपरेटर तो रेघ धरून पुन्हा काढू शकतो. म्हणूनच लोगोचे पैसे तिनं पूर्ण आधी घेतले आणि लेबलांचे अर्धे नंतर ठेवले. ज्या वस्तूला झाकता येत नाही, तिची किंमत आधी. जिला झाकता येतं, तिची थोडी उशिरा चालते.

पैसे आल्याची खात्रीही तिनं बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम पाहूनच केली. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो कोणालाही बनवता येतो. 'पैसे घेण्यासाठी' म्हणून कोणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर तिथेच थांबावं. पैसे स्वीकारायला पिन कधीच लागत नाही.

काकूही गप्प झाल्या

लोगो पसंत पडला, तीन हजारांचा दुसरा हप्ता आला, शेंगदाणा तेलाचं लेबल अर्धं झालं आणि काकूंची उत्तरं बंद झाली. दोन निरोप गेले, एक फोन झाला, तो उचलला गेला नाही.

या टप्प्याला सात हजार जमा होते. चार हजारांचा लोगो आणि साधारण दीड हजारांचं अर्धं लेबल, एवढंच काम झालं होतं. म्हणजे काकू आता कायमच्या गायब झाल्या असत्या तरी मुलीचा एक रुपया बुडत नव्हता. पंधरा दिवस उलटल्यावर तिनं रागाचा एक शब्द न वापरता दोन ओळी लिहिल्या: "ठरल्याप्रमाणे काम सध्या थांबवते आहे. पुन्हा सुरू करायचं असेल तेव्हा कळवा, नवी तारीख ठरवू." आणि ती सत्र परीक्षेच्या सबमिशनकडे वळली.

पहिल्या कामात याच शांततेनं तिच्या कित्येक रात्री खाल्ल्या होत्या. पुन्हा फोन करू का, जास्त वेळा केला तर पार्टी चिडेल का, या विचारांत अभ्यासही झाला नव्हता. आता गप्प बसण्याला काय म्हणायचं, हे आधीच कागदावर ठरलेलं होतं.

काकूंचा फोन नंतर आला तो एफएसएसएआयचा क्रमांक हाती आल्यावर. तो येईपर्यंत लेबलं छापताच येणार नव्हती आणि सारखं "अजून नाही आला" म्हणायला त्यांना संकोच वाटत होता, एवढंच कारण. काम पुन्हा सुरू झालं. लेबलं पसंत झाल्याचा ईमेल आला, तिनं बिल पाठवलं. बिलावर दोघींची नावं-पत्ते, बिल क्रमांक, तारीख, कामाचा तपशील, आधी मिळालेली रक्कम, बाकी रक्कम आणि बँकेचा तपशील होता. तीन हजार जमा झाल्याचं ॲपमध्ये दिसल्यावर पीडीएफ आणि ओपन फाइल एकत्रच गेल्या.

जिथं इसार मिळत नाही

सगळीच गिऱ्हाइकं आधी पैसे देत नाहीत. कंपन्यांच्या अकाउंट्स विभागाची पद्धत बिल आल्यानंतर तीस किंवा पंचेचाळीस दिवसांनी पैसे देण्याची असते आणि एका विद्यार्थिनीसाठी ती बदलत नाही. तिथं उपयोगी पडतो २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. तो कारखान्यांपुरता नाही. सेवा देणारी एकटी व्यक्तीसुद्धा 'सूक्ष्म उद्योग' म्हणून उद्यम नोंदणी करू शकते. नोंदणी आधार आणि पॅनवर, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणारी, नावानं सारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, त्यांपासून जपावं.

नोंदणी असेल तर काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त मुदत करारातही लावता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर ती पंधरा दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चढणारं चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. यात फ्रीलान्सरच्या फार कामाचं एक कलम आहे. काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरलं जातं. म्हणजे मौन तिथं काम करणाऱ्याच्या बाजूनं मोजलं जातं. मात्र नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवावी. पैसे अडकल्यावर केलेल्या नोंदणीचा आधीच्या व्यवहाराला लाभ मिळेल यावर विसंबता येत नाही.

तिला तिसरं काम आलं ते अशाच एका कंपनीकडून. चार महिने समाजमाध्यमांसाठी चित्रं करायची, महिन्याला सहा हजार, बिल महिन्याच्या शेवटी आणि पैसे त्यानंतर तीस दिवसांनी. वरवर पाहता इथं एका महिन्याचे सहा हजार अडकू शकतात असं वाटतं. तिनं कागदावर मांडून पाहिलं. पहिल्या महिन्याचं बिल वसूल होण्याची तारीख येईपर्यंत दुसऱ्या महिन्याचं कामही संपलेलं असणार. म्हणजे पैसे येत नाहीत हे कळेल तेव्हा बारा हजार अडकलेले असतील, पहिल्या गिऱ्हाइकाकडे बुडाले त्याहून जास्त.

तिनं आधी उद्यम नोंदणी करून घेतली. मग कंपनीला एकच बदल सुचवला: बिल दर पंधरवड्याला आणि पैसे पंधरा दिवसांत. त्यानं अडकणारी रक्कम तीन हजारांची दोन बिलं, म्हणजे सहा हजारांवर येते. एका पंधरवड्याचे पैसे मुदतीत आले नाहीत, तर पुढचा पंधरवडा सुरू होणार नाही, हेही ईमेलमध्ये लिहिलं. कंपनीनं बदल मान्य केला. सहा हजार बुडाले तर त्या महिन्यात मेसचे पैसे घरून मागावे लागतील, पण फी भरायची राहणार नाही, एवढा हिशेब करून तिनं काम घेतलं.